नवी पेठेतला स्टुडिओ : दोन पोर्ट, एक बाँड (कामाच्या नोंदी, मार्च २०२५)

सोमवार, ३ मार्च

नवी पेठेतल्या स्टुडिओत पहिली फेरी. लग्नाचे व्हिडिओ आणि एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचे कॅटलॉग, ही दोन मुख्य कामं. एडिटिंगचे चार पीसी, मागच्या खोलीत एक डेबियनचा फाइल सर्व्हर आणि सोळा पोर्टचा गिगाबिट मॅनेज्ड स्विच. सर्व्हरच्या बोर्डवरच दोन गिगाबिट पोर्ट आहेत, त्यातला एक रिकामा. चालू कामं दोन एसएसडींच्या मिररवर, जुनी कामं हार्डडिस्कवर.

स्टुडिओचे मालक अण्णा, त्यांची तक्रार सरळ आहे. एका लग्नाचं फुटेज ९२ जीबी, ते सर्व्हरवरून एडिट-१ वर आणायला चौदा मिनिटं लागतात. "दुसरा पोर्ट मोकळा बसलाय की ओ इंजिनिअर. दोन्ही जोडा, सात मिनिटांत येऊ दे." मी तेव्हाच सांगितलं, की जोडता येतील, पण सात मिनिटांचं वचन मी देत नाही. त्यांनी मान डोलावली. अर्थात सात मिनिटंच ऐकली असावीत.

मंगळवार, ४ मार्च

जोडणी करायच्या आधी आत्ताचा वेग मोजून ठेवला. नंतर कोणी "आधीच बरं होतं" म्हटलं तर कागद दाखवता येतो.

मोजायला `iperf3` हा वेग मोजणारा प्रोग्राम. सर्व्हरवर `iperf3 -s`, एडिट-१ वर `iperf3 -c 192.168.10.10 -R`. आकडा ९४१ मेगाबिट. एक गिगाबिटच्या तारेतून एवढंच निघतं. तारेवर प्रत्येक पूर्ण फ्रेमला दोन फ्रेममधली रिकामी जागा धरून १५३८ बाइट जागा लागते, त्यात आपला खरा माल १४४८ बाइट. भागाकार केला की ९४१ येतात. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत हाच वेग ११२ एमबी/सेकंद दिसतो. ९२ जीबीला ११२ ने भागलं की चौदा मिनिटं. म्हणजे आत्ता काही बिघडलेलं नाही, तार पूर्ण भरून वाहते आहे.

सर्व्हरच्या एसएसडीचा वाचण्याचा वेगही बघितला, पाचशेच्या आसपास. अडथळा डिस्कचा नाही, तारेचाच.

गुरुवार, ६ मार्च

बाँड उभा केला, म्हणजे सर्व्हरचे दोन्ही पोर्ट एका नावाखाली, एका पत्त्यावर आणले. सर्व्हरच्या `/etc/network/interfaces` मध्ये एवढंच :

```
auto bond0
iface bond0 inet static
    address 192.168.10.10/24
    gateway 192.168.10.1
    bond-slaves enp2s0 enp3s0
    bond-mode 802.3ad
    bond-miimon 100
```

स्विचवर ७ आणि ८ नंबरचे पोर्ट एका गटात टाकले. सर्व्हर परत चालू केला, माझ्या लॅपटॉपवरून पिंग लागलं, खूश होऊन चहाला खाली उतरलो.

वर आलो तर गोंधळ. एडिट-१ आणि एडिट-२ वर सर्व्हर दिसतोय, ३ आणि ४ वर नाही. चौघांच्या केबल एकाच स्विचला, सेटिंग सारखं, आणि बरोबर अर्ध्यांचं बंद. स्टुडिओतल्या सिद्धूने तेवढ्यात तीन नंबरची केबल दोनदा बदललीसुद्धा. हे अर्धं-अर्धं मी आधी पाहिलेलं असल्याने सरळ सर्व्हरवर गेलो :

```
$ sudo cat /proc/net/bonding/bond0
...
Active Aggregator Info:
        Aggregator ID: 1
        Number of ports: 1
        Partner Mac Address: 00:00:00:00:00:00
```

दोन पोर्ट हवेत तिथे एक, आणि समोरच्याचा मॅक पत्ता सगळा शून्य. `dmesg` मध्येही ओळ होतीच : `Warning: No 802.3ad response from the link partner for any adapters in the bond`. दोन तारांचा गट दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवायचा, त्या बोलण्याची पद्धत म्हणजे एलएसीपी. सर्व्हर त्याची पत्रं पाठवतोय आणि स्विच उत्तरच देत नाहीये.

चूक माझीच. स्विचच्या मेनूत गट बनवताना प्रकार `Static` असा आपोआप निवडलेला होता, `LACP` मी करायला विसरलो. स्टॅटिकमध्ये स्विच समोरच्याला काही न विचारता दोन्ही तारा वापरायला लागतो. इकडे सर्व्हरला मात्र उत्तर न मिळाल्याने त्याने एकच तार चालू धरलेली. ज्या पीसीचा माल स्विचने चालू तारेवर टाकला ते सुखात. ज्यांचा दुसऱ्या तारेवर टाकला, त्यांचा माल सर्व्हर दारातच फेकून देत होता.

प्रकार `LACP` केला, काही सेकंदांत `Number of ports: 2` आणि स्विचचा खरा मॅक पत्ता दिसला. चारही पीसी जागेवर. सिद्धूची केबलबदली वाया गेली म्हणून त्याला भजी.

शुक्रवार, ७ मार्च

ठरल्याप्रमाणे अण्णांसमोर चाचणी. तेच ९२ जीबीचं फोल्डर, तोच एडिट-१. वेग ११२. चौदा मिनिटं.

अण्णा काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी आहेत, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. पहिलं अगदी साधं. एडिट-१ ला स्वतःलाच एक गिगाबिटचा एकच पोर्ट आहे. सर्व्हरकडून कितीही मोठा प्रवाह निघो, शेवटची तार तेवढीच. दुसरं कारण खोलातलं : एडिट-१ ला दोन पोर्ट असते तरी ही कॉपी एकाच तारेने गेली असती.

बाँड हा दोन तारा वितळवून एक जाड तार करत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमसाठी तो पत्त्यांवरून एक छोटा हिशेब करतो आणि तार निवडतो. पत्ते तेच तर उत्तर तेच, म्हणून एका संवादाच्या सगळ्या फ्रेम एकाच तारेवरून जातात. हे मुद्दाम केलेलं आहे. मानकाची अटच अशी आहे की एका संवादातल्या फ्रेमचा क्रम बदलता कामा नये. दोन तारांवर आलटून पालटून टाकल्या तर मागची फ्रेम पुढे पोचू शकते. टीसीपी घेणारा मग जुन्याच पोचपावत्या पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि अशा तीन आल्या की पाठवणारा समजतो माल हरवला. न हरवलेलाच माल तो परत पाठवतो आणि वेगही कमी करतो.

विंडोजची कॉपी म्हणजे किती संवाद, तेही बघितलं. कॉपी चालू असताना सर्व्हरवर :

```
ss -tn 'sport = :445'
```

एडिट-१ च्या नावाची एकच ओळ. फोल्डरमध्ये फाइली चारशे असोत, कनेक्शन एक. एक कनेक्शन, एक तार.

अण्णांना म्हटलं, दोन पीसी एकाच वेळी ओढतील तेव्हा फायदा दिसेल. सोमवारी दाखवतो.

सोमवार, १० मार्च

दाखवायला गेलो आणि फजिती झाली.

एडिट-१ आणि एडिट-२, हे दोघेच सगळ्यात जास्त माल ओढतात. दोघांवर एकदम कॉपी लावली. अपेक्षा दोघांना ११२-११२. मिळाले ५६-५६. म्हणजे दुसरी तार असून नसल्यासारखी. अण्णांच्या चेहऱ्याकडे न बघता `iperf3` वर गेलो. (एक `iperf3 -s` एका वेळी एकाच क्लायंटला घेतो, दुसऱ्यासाठी `iperf3 -s -p 5202` असा वेगळा चालवावा लागतो. हे माहीत नसलं की "सर्व्हर बिझी" बघून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.) तिथेही दोघांची बेरीज ९४१.

मग तारांचे आकडे बघितले. `ip -s link show enp2s0` आणि तेच `enp3s0` साठी, दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा. पहिल्या तारेचे टीएक्स बाइट धावत होते, दुसरीचे जवळजवळ जागेवर. दोन्ही पीसी एकाच तारेवर आले होते.

कारण हिशेबात आहे. तार कशावरून निवडायची याचं धोरण मी लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे बाँडने मूळचं `layer2` घेतलं. त्यात दोन्हीकडच्या मॅक पत्त्यांचा शेवटचा बाइट घेऊन एक्सऑर करतात, फ्रेमच्या प्रकाराचा आकडा त्यात मिसळतात आणि तारांच्या संख्येने भागून बाकी बघतात. तारा दोन असल्या की बाकी ० किंवा १, म्हणजे फक्त सम-विषमचा प्रश्न उरतो. आयपीच्या फ्रेमचा प्रकार `0x0800`, तो सम, म्हणून त्याने फरक पडत नाही. आमचे शेवटचे बाइट :

```
server  4e   सम
edit-1  92   सम
edit-2  b8   सम
edit-3  27   विषम
edit-4  d5   विषम
```

सम-सम म्हणजे पहिली तार, सम-विषम म्हणजे दुसरी. १ आणि २ पहिलीवर, ३ आणि ४ दुसरीवर. जास्त माल ओढणारे दोघे एका तारेवर आणि हलकी कामं करणारे दोघे दुसरीवर, ही निव्वळ मॅक पत्त्यांची कृपा. गुरुवारी १ आणि २ चालू होते आणि ३-४ बंद, तेव्हाच हे डोक्यात यायला हवं होतं; स्विचही अशीच वाटणी करत होता.

खात्री करायला एडिट-१ आणि एडिट-३ वर एकदम चाचणी लावली. ९४१ आणि ९४१. सिद्धू म्हणाला, "मग जागा बदलून बसू का दादा?" हसलो, पण तोडगा म्हणून वाईट नव्हता.

मंगळवार, ११ मार्च

धोरण `layer3+4` केलं. यात आयपी पत्त्यांबरोबर टीसीपीचे पोर्ट नंबरही हिशेबात येतात. चालू बाँडवर बदलता येतं, बंद करावं लागत नाही :

```
echo layer3+4 | sudo tee /sys/class/net/bond0/bonding/xmit_hash_policy
```

१ आणि २ वर एकदम कॉपी. दोघांना ११२-११२! अण्णांना फोन करून बोलावलं, त्यांनी दोन्ही पडद्यांवरचे आकडे आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले. `interfaces` मध्ये कायमची ओळ घालून दुपारी निघालो.

बुधवार, १२ मार्च

सकाळी साडेदहाला सिद्धूचा फोन. "दादा, परत छप्पन."

रात्री पीसी बंद, सकाळी चालू. काल आणि आज यात एवढाच फरक, आणि तो पुरेसा आहे. सर्व्हरकडचा पोर्ट ४४५ कायम असतो, पण पीसीकडचा पोर्ट प्रत्येक नव्या कनेक्शनला नवा मिळतो. हिशेब बदलतो, तार बदलते. दोन कनेक्शनं असतील तर ती एकाच तारेवर येण्याची शक्यता निम्मी. काल नाणं आमच्या बाजूने पडलं होतं. जिथे पन्नास-शंभर पीसी आहेत तिथे हे धोरण चांगलं, कारण एवढ्या संख्येत वाटणी आपोआप सारखी होते. दोन मोठे गिऱ्हाईक असलेल्या दुकानात रोज सकाळी नाणेफेक कशाला?

मला हवं होतं ठरलेलं उत्तर, आणि ते मला ठरवता यावं. म्हणून `layer2+3`. यात मॅकचा शेवटचा बाइट आणि दोन्ही आयपी पत्ते येतात, पोर्ट नंबर येत नाहीत. सगळे बाइट एकमेकांत एक्सऑर होऊन शेवटी पुन्हा सम-विषमच उरतं. आमच्या सगळ्या पत्त्यांचे पहिले तीन भाग सारखे, ते एकमेकांना खाऊन टाकतात. सर्व्हरचा मॅक `4e` सम, आयपी `.10` सम, त्याचा परिणाम शून्य. उरला पीसीच्या मॅकचा शेवट आणि पीसीच्या आयपीचा शेवट. दोन्ही सम किंवा दोन्ही विषम तर पहिली तार, वेगवेगळे तर दुसरी.

मॅक बदलत बसायची गरजच नाही. आयपी तर आपल्याच हातात आहे. राउटरमध्ये चौघांना आयपी बांधून दिले :

```
edit-1  92 + .21   दुसरी तार
edit-2  b8 + .22   पहिली
edit-3  27 + .23   पहिली
edit-4  d5 + .24   दुसरी
```

आधी कागदावर हे लिहिलं, मग काउंटर बघितले. चारही जुळले. पीसी तीनदा बंद-चालू केले, तरी १ आणि २ वेगळ्याच तारांवर.

पण हे झालं सर्व्हरकडून जाणाऱ्या मालाचं. पीसीवरून सर्व्हरवर माल चढवताना तार निवडतो स्विच, आणि त्याचा हिशेब वेगळा. जो पाठवतो तो निवडतो, घेणाऱ्याला विचारत नाही. चढवून बघितलं तर तिथे १ आणि २ अजून ५६-५६ वर. स्विचच्या मेनूत दोनच पर्याय आहेत, फक्त मॅक आणि मॅक+आयपी. दुसरा निवडला. स्विच आत नेमका कोणता हिशेब करतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही, त्यामुळे इथे कागद उपयोगाचा नाही, फक्त ७ आणि ८ पोर्टचे काउंटर. तिथेही दोघे वेगळे झाले. नसते झाले तर एडिट-२ चा आयपी दुसऱ्या एखाद्या मोकळ्या सम आकड्यावर नेऊन पुन्हा बघितलं असतं.

उद्या होळी. आता सोमवारी.

सोमवार, १७ मार्च

अण्णांचा मूळ प्रश्न तसाच : मला एकाच पीसीवर दुप्पट हवाय. "एडिट-१ ला पण दोन पोर्टचं कार्ड बसवा की." बसवलं तर काय होईल हे तोंडी सांगून पटणार नव्हतं, म्हणून घरून जुना डबा आणला, त्यात दोन पोर्टचं कार्ड आहे. त्यावर डेबियन, तिथेही एलएसीपीचा बाँड, स्विचवर दुसरा गट. दोन्ही टोकांना दोन-दोन तारा.

एक प्रवाह : ९४१.

`iperf3 -P 8` देऊन आठ प्रवाह : तरी बेरीज ९४१. आठही प्रवाहांचे मॅक आणि आयपी तेच, `layer2+3` ला ते आठ दिसतच नाहीत. सर्व्हरवर तात्पुरतं `layer3+4` केलं. आता सर्व्हरच्या दोन्ही तारांचे काउंटर वाढायला लागले, सिद्धू "आलं, आलं" म्हणाला, आणि बेरीज बघितली तर पुन्हा ९४१. सर्व्हरने माल दोन तारांवर वाटला, स्विचमध्ये तो एकत्र झाला, आणि स्विचने मॅक+आयपी बघून सगळा एकाच तारेने डब्याकडे पाठवला. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर निवड नव्याने होते. एका टप्प्याने एकच तार धरली की बाकीच्यांची मेहनत फुकट.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचं काम थांबलेलं असताना स्विच मधून काढला आणि दोन केबल सर्व्हरमधून थेट डब्याला लावल्या. दोन्हीकडे `layer3+4`. आठ प्रवाहांची बेरीज १८८२. एक प्रवाह : ९४१.

शेवटी, कोणीतरी विचारणारच म्हणून, दोन्हीकडे `balance-rr` लावलं. यात फ्रेम खरोखरच आलटून पालटून दोन तारांवर जातात. एकच प्रवाह दीड गिगाबिटच्या वर गेला. पण आकडा दर सेकंदाला वरखाली, आणि `Retr` च्या, म्हणजे परत पाठवलेल्या मालाच्या रकान्यात, जिथे आधी शून्य होतं, तिथे हजारांत आकडे. क्रम मोडल्याची किंमत ती. शिवाय हे फक्त थेट केबलवर; मध्ये स्विच आला की तो आपल्या नियमानेच पुढे वाटणार. सगळं पूर्ववत केलं.

अण्णांचे वडील हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. त्यांचे पूर्वी यंत्रमाग होते. कडक भाकरीवर शेंगाची चटणी घेत म्हणाले, "अरे, एक टॉवेल दोन मागांवर विणता येत नाही. दोन माग घेतलास तर दोन टॉवेल निघतील, एक टॉवेल निम्म्या वेळात नाही निघणार." अण्णा पहिल्यांदाच "असं होय" म्हणाले. मी दोन आठवडे सम-विषम समजावत होतो.

मंगळवार, १८ मार्च

एकाच कॉपीला वेग हवा तर दोन रस्ते उरतात. एक, एसएमबी मल्टिचॅनल : यात कॉपी करणारा प्रोग्रामच अनेक कनेक्शनं उघडून ती वेगवेगळ्या कार्डांवरून नेतो, मग एक फाइलही दोन तारांवर जाते. सर्व्हरवरून विंडोजला फाइली देणारा प्रोग्राम म्हणजे सांबा, त्यात ४.१५ पासून ते आपोआप चालू असतं. पण सरळ मांडणी करायची तर दोन्हीकडे दोन-दोन कार्डं, प्रत्येक जोडीला वेगळं सबनेट, आणि त्यासाठी आत्ताच बसवलेला बाँड मोडायचा. बाकीच्या तिघांचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. दुसरा रस्ता म्हणजे तारच जाड घ्यायची. २.५ गिगाबिटचं एक-एक कार्ड सर्व्हरमध्ये आणि एडिट-१ मध्ये, मधे थेट केबल. हा वेग साध्या कॅट-५ई केबलवर शंभर मीटरपर्यंत चालतो. आमचं अंतर बारा मीटर, आणि भिंतीतली एक जादा केबल कॅट-५ई च आहे. स्विच बदलावा लागत नाही.

दुसरा ठरला. अण्णांनी विचारलं, "मग बाँड काढायचा का?" नाही. २ ला ओढायचं असेल तेव्हा १ ने थांबायचं, हे बंद झालं ते त्याच्यामुळे.

उद्या रंगपंचमी, स्टुडिओ बंद. कॅमेरेवाले मात्र सगळे कामावर.

शनिवार, २२ मार्च

कार्डं बसली. सर्व्हरच्या नव्या कार्डाला `10.10.10.1/30`, एडिट-१ ला `10.10.10.2/30`. गेटवे मुद्दाम रिकामा ठेवला, नाहीतर विंडोज इंटरनेटसुद्धा याच तारेवर शोधायला लागतं.

पहिल्या कॉपीत वेग ११२! दोन मिनिटं घाम फुटला. मग लक्षात आलं, एडिट-१ वरचा ड्राइव्ह सर्व्हरच्या नावाने जोडलेला होता आणि नाव अजून जुन्याच `192.168.10.10` कडे नेतं. ड्राइव्ह तोडून `\\10.10.10.1\kaam` असा परत जोडला. `iperf3` २.३५ गिगाबिट, कॉपीच्या खिडकीत २८० च्या आसपास. ९२ जीबी साडेपाच-पावणेसहा मिनिटांत.

एक चाचणी राहिली होती ती उरकली. एडिट-२ आणि एडिट-४ वर बाँडमधून कॉपी चालू असताना सर्व्हरची पहिली केबल उपटली. एडिट-२ चा आलेख क्षणभर खाली गेला आणि परत उठला. कॉपी तुटली नाही. `miimon 100` म्हणजे बाँड दर १०० मिलिसेकंदांनी तार जिवंत आहे का बघतो, मेली दिसली की तिच्यावरचा माल दुसरीवर. आता दोघे एका तारेवर, म्हणून ५६-५६. केबल परत लावली, काही सेकंदांनी एलएसीपीचं बोलणं पूर्ण झालं आणि पुन्हा ११२-११२.

स्विचच्या दारावर कागद चिकटवला : पोर्ट ७ व ८ सर्व्हरचा गट, प्रकार `LACP`, वाटणी मॅक+आयपी. खाली चार पीसींचे मॅक-आयपी आणि कोणाची कोणती तार. त्याखाली लाल शाईत : कोणत्याही पीसीचं नेटवर्क कार्ड किंवा आयपी बदलला तर सम-विषम पुन्हा तपासा. सिद्धूने ते वाचून विचारलं, "आणि पाचवा पीसी आला तर?" एडिट-१ चा मोठा माल आता वेगळ्या तारेने जातो, म्हणजे दुसऱ्या तारेवर जागा आहे. पाचव्याच्या मॅकचा शेवट विषम निघाला तर त्याला `.26` द्यायचा, सम निघाला तर `.25`. त्यानेच हिशेब करून कागदावर लिहिलं.